यंदाच्या गणपतीतल्या भाषणाबद्दल: त्रिशूरच्या गलाई बांधवांना खुले पत्र

प्रति,
मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि त्रिशूरमधले सोनं गाळणारे सगळे गलाई बंधू-भगिनी, यांस सप्रेम नमस्कार.

यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला सोमवारी आहे आणि आपला वार्षिक मेळावा त्यानंतरच्या रविवारी, २० तारखेला. त्या दिवशीचं मुख्य भाषण मी करावं, असा निरोप तुम्ही पाठवलात. मी हो म्हटलं आहे. पण भाषण उभं राहून करण्याआधी त्याबद्दल थोडं तुमच्याशी बोलायचं आहे, आणि तेही एकट्या अध्यक्षांशी नाही, सगळ्यांशी. कारण मी जे बोलणार आहे ते आजवरच्या रिवाजापेक्षा वेगळं आहे. त्या दिवशी कुणाला वाटायला नको की वहिनी गाव विसरल्या.

गेल्या वर्षी मी सभागृहात मागे, प्रसादाच्या पातेल्यांजवळ उभी होते. गावाकडून आलेले पाहुणे बोलत होते. बोलणं चांगलं होतं, आवाज भरदार होता. माय, माती, चुलीवरची भाकरी, विहिरीचं पाणी, वाट बघणारी म्हातारी. पुढच्या दोन ओळींतल्या थोरल्या माणसांचे डोळे भरून आले. मग ते म्हणाले, "इथं कितीही कमावलं तरी तुम्ही इथं परकेच आहात, हे विसरू नका." माझ्या शेजारी आमच्याच गल्लीतली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी वडिलांच्या हाताला धरून उभी होती. तिनं विचारलं, "ते आजोबा कुठल्या गावाबद्दल बोलतायत?" वडील म्हणाले, आपल्या. ती म्हणाली, "आपलं गाव तर त्रिशूर ना?" वडिलांनी तिला गप्प बसायला सांगितलं.

ते मला तेव्हापासून टोचतं आहे. पोरगी चुकीचं काही बोलली नव्हती. ती इथल्या दवाखान्यात जन्मली, इथल्या शाळेत मल्याळममध्ये पाढे शिकली. खानापूर तालुक्यातलं गाव तिला मे महिन्याच्या सुट्टीतलं माहीत आहे. ज्याची आठवणच नाही, त्याची हुरहुर ती कुठून आणणार? आणि भाषण जर सगळं त्या हुरहुरीवरच उभं असेल, तर सभागृहातल्या निम्म्या लोकांना आपण दाराबाहेर उभं करतो.

मी त्या दिवशी सभागृहभर नजर फिरवली. पंचावन्न-साठच्या पुढची माणसं, जी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी किंवा त्याआधी आली, त्यांना गावाची ओढ खरी आहे. पण ती माणसं आता मूठभर. बायकांचं वेगळं. आम्ही माहेर सोडलं ते लग्नाच्या दिवशीच. विट्याला नांदायला गेले असते तरी घर सुटलंच असतं, त्रिशूरला आले तरी सुटलं. आमची ओढ गावाची कमी आणि माणसांची जास्त, आणि ती भाषणानं जागी होत नाही, रोज संध्याकाळच्या फोनवर भागते. मुलांचं वर सांगितलंच.

राहिले ते दुकानात नव्यानं आलेले पोरगे. अठरा, एकोणीस, वीस वर्षांचे. माझ्या मनात सगळ्यात जास्त हेच असतात. त्यांच्यासाठी गाव ही आठवण नाही, ती अजून ओली जखम आहे. दिवसभर भट्टीपुढं बसायचं, भाषा कळत नाही, जेवणात भाकरी नाही, रात्री माडीवर चौघं-पाचजण दाटीवाटीनं झोपायचं. गेल्या वर्षी भाषण संपल्यावर आटपाडीकडचा एक पोरगा जिन्यावर बसून घरी फोन लावत होता, बोलणं होत नव्हतं, नुसता रडत होता. पंधरा दिवसांनी तो गावी परत गेला. भाषणामुळेच गेला असं मी म्हणणार नाही, जायची कारणं बरीच असतात. पण मेळाव्याला तो आला तेव्हा एकटा होता आणि मेळाव्यातून निघाला तेव्हाही एकटाच होता, एवढं मी पाहिलं. त्याला त्या दिवशी म्हातारीची आठवण करून द्यायची गरज नव्हती, ती त्याला होतीच. गल्लीत रात्री ताप आला तर कुणाचं दार वाजवायचं, हे कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट. भाषणातलं गाव आता तसं राहिलेलं नाही. आपल्या घरातली थोरली माणसं १९७२च्या दुष्काळात बाहेर पडली, म्हणून भाषणात अजून भेगाळलेलं रान येतं, कोरडी विहीर येते. खानापूर-आटपाडीकडं टेंभू योजनेचं पाणी पोचलं आहे. जिथं माझ्या सासऱ्यांनी खडी फोडली, त्या शिवारात डाळिंबं उभी आहेत. माझ्या जावेचा फोन येतो तो टँकरचा नसतो, औषध फवारणीचा आणि बाजारभावाचा असतो. आपण इथं बसून ज्या गावासाठी गहिवरतो त्या गावानं पुढची वाट धरली आहे. गावाबद्दल बोलायचंच तर आजच्या गावाबद्दल बोलू.

म्हणून यंदा मी काय करणार आहे ते सांगते.

भाषण सात मिनिटांचं असेल. घड्याळ लावून तीनदा वाचून पाहिलं आहे. माझ्या चालीनं मिनिटाला शंभर-एक शब्द होतात, म्हणजे सातशे शब्दांच्या आत. ते आरतीच्या आधी हवं. आरती झाली की मन प्रसादाकडं जातं, आणि ते बरोबरच आहे. पंखे तेवढे दोन मिनिटं कमी ठेवा, गेल्या वर्षी मागच्या अर्ध्या लोकांना पंख्याच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही.

गावाची आठवण भाषणात आहे. पण ती दीड मिनिट आहे, आणि ती मधे आहे. सुरुवातीला नाही, कारण पहिल्या वाक्यावरूनच ऐकणारा ठरवतो की हे आपल्यासाठी आहे की नाही. शेवटीही नाही, कारण शेवटचं वाक्य माणूस घरी घेऊन जातो. आणि ती आठवण मी निवडून घेतली आहे. गाव सोडतानाची नाही, इथं पोचल्याची. मी बरेच दिवस कागद पुढं घेऊन बसले होते. लिहीत होते ते सगळं एस.टी. स्टँडवर निरोप द्यायला आलेल्या माणसांचं होतं आणि प्रत्येक वेळी लिहिताना मीच रडत होते. मग सासऱ्यांनी सांगितलेला त्यांच्या पहिल्या ओणमचा किस्सा आठवला. त्यात गावही आहे आणि त्रिशूरही आहे. निरोपाच्या गोष्टीत एकच गाव असतं आणि ते मागं पडत जातं. पोचण्याच्या गोष्टीत दोन्ही गावं असतात आणि ऐकणारा पोरगा, तो कालच आलेला असला तरी, त्या गोष्टीत स्वतःला बघू शकतो.

आता मधल्या भागाबद्दल, कारण त्यावर चर्चा होणार हे मला माहीत आहे. मी बळीराजाबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी ओणमचा मुख्य दिवस, तिरुवोणम्, ५ सप्टेंबरला होता आणि आपली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. २०२२ सालीही असंच, ८ आणि ९ सप्टेंबर. २०२४ला दोन दिवसांचं अंतर होतं. यंदा मात्र तिरुवोणम् २६ ऑगस्टलाच होऊन जाईल आणि गणपती त्यानंतर जवळजवळ तीन आठवड्यांनी येतील. असं का होतं, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. शेजारच्या अम्मांनी त्यांचं पंचांग आणि मी आपलं कालनिर्णय पुढं ठेवून ताळा घातला. ओणम् सूर्याच्या महिन्यानं चालतं, चिंगम् महिन्यात श्रवण नक्षत्र येईल तो दिवस. आपला गणपती चंद्राच्या तिथीनं येतो. यंदा आपल्याकडं अधिक ज्येष्ठ आला, त्यानं भाद्रपद पुढं सरकला, चिंगम् मात्र जागच्या जागी राहिला. अधिक महिना आड आला नाही की श्रवण नक्षत्र भाद्रपद शुद्ध द्वादशीच्या आसपास पडतं. ती आपली वामन जयंती. म्हणजे ज्या वामनाची जयंती आपल्या पंचांगात छापलेली असते, त्याच गोष्टीतल्या बळीला इथली माणसं फुलांच्या रांगोळ्या घालून घरात घेतात. आणि आपण दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना काय म्हणतो? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. माझ्या आईनं म्हटलं, तिच्या आईनं म्हटलं. मी इथं येऊन चार वर्षं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की हे दोन्ही एकच राजे आहेत.

कार्यकारिणीतल्या एका दादांनी निरोप पाठवला की गणपतीच्या मंडपात ओणमचं कशाला. त्यांना मी आदरानं उत्तर देते. ओणमच्या दिवशी आपल्या गल्लीत मल्याळी घरांपुढं मातीचे चौकोनी, वर निमुळते होत गेलेले गोळे मांडतात, तृक्काकरअप्पन म्हणतात त्याला. ओल्या मातीचे, वरून तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी ओघळलेलं, माथ्यावर तुंब्याची बारीक पांढरी फुलं. बाजारात आयतेही मिळतात. सण झाला की ती माती परत मातीत जाते. आपणही मातीचाच देव आणतो आणि पाण्यात पोचवतो. आपल्या मंडपात त्याचा नुसता उल्लेख झाला तर बाप्पाला जागा कमी पडेल असं मला वाटत नाही.

दुसरी हरकत येईल ती पोरांच्या मराठीची. आपण असं मिसळत गेलो तर पोरं मराठी विसरतील. ही काळजी मलाही आहे. माझा थोरला घरात मराठी बोलतो पण भांडण झालं की मल्याळममध्ये भांडतो. पण ह्या काळजीला उत्तर मला आपल्या भट्टीतच मिळालं. हे तुम्ही सगळे माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तरी लिहिते, कारण घरातल्या पोरांनी हे पत्र वाचावं अशी माझी इच्छा आहे.

जुना दागिना शुद्ध करायचा तर तो नुसता तेजाबात टाकून भागत नाही. आधी वितळवायचा, कस बघायचा आणि एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी होईल असा हिशोब लावून त्यात चांदी घालायची. पुन्हा वितळवून तो रस पाण्यात ओतायचा, म्हणजे त्याचे दाणे होतात. मग ते दाणे तेजाबात. तांबूस धूर निघतो, चांदी विरघळते आणि तळाशी तपकिरी चुरा उरतो. बघणाऱ्याला वाटेल गंज आहे. तो धुवायचा, टाकणखार घालून मुशीत तापवायचा, की पिवळं धमक सोनं. चांदी घालताना हात आखडला तर तेजाब दाण्याच्या पोटात पोचत नाही आणि सोनं कसाला कमी भरतं. शिवाय ती चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की ती परत खाली बसते. सासरे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचे: चांदी घालायला भिऊ नको.

ज्यांच्या हाताला हे काम आहे त्यांनी मिसळण्याला का घाबरावं? आमच्या घरात सोन्याचा भाव पवनात ऐकू येतो, आठ ग्रॅमचा, आणि लेकीच्या लग्नाचं सोनं मी तोळ्यात मोजते. दोन्ही हिशोब डोक्यात राहतात, चूक होत नाही.

मराठी टिकवायची तर तिला काम दिलं पाहिजे. म्हणून भाषणाची सुरुवात मी करणार नाही. आठवीत शिकणारी एक मुलगी करेल. ती आधी मल्याळममध्ये दोन वाक्यं बोलेल, कारण मी त्या दिवशी गल्लीतली सात-आठ मल्याळी घरं बोलावणार आहे, आणि मग तेच मराठीत सांगेल. ती दोन वाक्यं मी घोकून पाहिली. आपला ळ आपल्याला उपयोगी पडतो, पण मल्याळममध्ये आणखी एक अक्षर आहे जे ना ळ आहे ना य, ते माझ्या जिभेला तेवीस वर्षांत जमलं नाही. पोरांना ते जन्मतः येतं. जे त्यांना येतं ते त्यांनी करावं आणि सगळ्यांनी ते ऐकावं.

खाली भाषण देते. नावांची जागा मोकळी आहे.

"एल्लावर्क्कुम् स्वागतम्. सगळ्यांचं स्वागत. हे मघाशी जिनं दोन भाषांत सांगितलं ती आपल्या गल्लीतली आहे, आणि दोन्ही भाषा तिच्या आहेत.

ह्या वर्षी आपल्यात नवीन आलेल्यांची नावं मी आधी वाचते. नाव घेतलं की उभं राहा, आणि त्यांच्या आजूबाजूला बसलेल्यांनी त्यांचं तोंड नीट बघून ठेवा. (इथं नावं, गाव, दुकान.) पोरांनो, ह्या सभागृहात ज्या ज्या बाई दिसतात त्यांच्यापैकी कुणाचंही दार रात्री दोनला वाजवा. ताप असेल, पोट बिघडलं असेल, नुसतं झोप येत नसेल तरी. मालकाला सांगायचा संकोच वाटला तर आम्हाला सांगा.

ह्या वर्षी ह्या गल्लीत जन्मलेली बाळं. (नावं.) दहावी पास झालेली मुलं. (नावं.)

आता एक गोष्ट सांगते. माझे सासरे बहात्तरच्या दुष्काळानंतर मामाचं बोट धरून इथं आले. सोळा वर्षांचं वय. खडीच्या कामावर हाताला घट्टे पडले होते, ते घेऊनच भट्टीपुढं बसले. पहिले दोन महिने त्यांनी कुणाशी एक शब्द बोलला नाही, कारण कुणाचं काही कळतच नव्हतं. मग ओणम् आलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी त्यांना आणि मामांना घरी जेवायला बोलावलं. केळीचं पान मांडलं. भात आला, वर डाळ आणि तूप. सासरे भाकरी खाणारे, पण भूक लागली होती. त्यांना वाटलं हेच जेवण. पोट भरून डाळभात खाल्ला आणि पान दुमडायला लागले. मालकीणबाईंनी हात धरला. मग पुन्हा भात, त्यावर सांबार. मग पुन्हा भात, त्यावर रसम्. मग पायसम्. सासरे म्हणायचे, मला नको म्हणता येत नव्हतं, कारण नको म्हणायचा शब्दच माहीत नव्हता. त्या दिवशी ते मल्याळममधला पहिला शब्द शिकले, मदि. म्हणजे पुरे. आयुष्यभर ते ह्या गावात राहिले, त्यांचा पहिला शब्द पुरे हा होता, आणि तो पोट भरल्यावर शिकले होते.

मी स्वतः इथं आले तेव्हा मला तळणीचे मोदक येत होते, कणकेचे. उकडीचे मोदक आमच्याकडं कुणी करत नव्हतं. ते मला शेजारच्या अम्मांनी शिकवले. त्या त्याला कोळुक्कट्टा म्हणतात. तांदळाच्या पिठात उकळतं पाणी कधी ओतायचं, हात तेलाचा ठेवायचा की पाण्याचा, पारी फाटली तर काय करायचं, सगळं त्यांनी दाखवलं. सारण तेच, खोबरं आणि गूळ. आज बाप्पापुढं जो एकवीस मोदकांचा नैवेद्य आहे, त्याला कळ्या पाडल्या आहेत मी, पण उकड अम्मांच्या हातची आहे. त्या तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत.

साडेतीन आठवड्यांपूर्वी ह्या शहरात महाबली येऊन गेले. वर्षातून एकदा ते येतात. ज्यांना आपल्याच राज्यातून जावं लागलं, ते रडत येत नाहीत. माणसं सुखात आहेत ना, घरं भरलेली आहेत ना, हे बघायला येतात, आणि लोक त्यांना नवे कपडे घालून, दारात फुलं घालून दाखवतात की आम्ही बरे आहोत. आपली आई-आजी पाडव्याला त्याच राजाचं नाव घेते. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. म्हणजे ज्याच्या राज्याची वाट आपण तिकडं बघत होतो, त्याच्याच राज्यात आपण राहायला आलो आहोत.

यंदा आपण गावी जाऊ तेव्हा तसंच जाऊ. बरे आहोत हे सांगायला. आणि गाव बरं आहे हे बघायला.

आता आरतीला उभे राहू. नवीन पोरांनी पुढं यावं, टाळ त्यांच्या हातात द्या."

एवढंच भाषण आहे. एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे आणि तिच्याबद्दल तुमचं मत हवं. ह्या वर्षी आपल्यातल्या दोन घरांत गावाकडं माणूस गेलं आणि त्यातल्या एकाला वेळेवर पोचता आलं नाही. गाडीचं तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते दुःख सात मिनिटांत बसवून पुढं जाता येणार नाही, आणि ते मंचावरून बोलावं का हे मी परस्पर ठरवणार नाही. त्या घरांत मी ह्या आठवड्यात जाऊन बसणार आहे. त्यांना नाव वाचलेलं हवं असेल तर नवीन आलेल्यांच्या नावांच्या आधी वाचेन आणि सगळे उभे राहतील. नको असेल तर नाही. गेल्या वर्षीच्या भाषणावर माझी खरी तक्रार हीच होती, की सगळ्यांसाठी मिळून एक दुःख मांडलं गेलं आणि ज्याच्या घरात ते खरोखर होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बाहेरच्या पाहुण्यांचा सत्कार जरूर करावा, नारळ-शाल द्यावी. फक्त त्यांचं बोलणं भाषणाच्या आधी ठेवावं आणि त्यांना आधीच सांगावं की सभागृहात इथं जन्मलेली मुलं आहेत. सांगितलं की माणसं समजून घेतात. गेल्या वर्षी आपणच सांगितलं नव्हतं.

नावं मला रविवार, ६ सप्टेंबरपर्यंत पाठवा. दुकानदारांनी आपल्या दुकानात गेल्या गणपतीनंतर आजवर जो कुणी नवीन आला असेल त्याचं नाव, गाव, आणि घरात त्याला ज्या नावानं हाक मारतात ते नाव, अशी तिन्ही लिहून द्यावीत. कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव वेगळं असतं, आणि मला हाकेचं नाव हवं आहे. जो अजून आला नाही पण चतुर्थीपर्यंत येणार आहे, त्याचंही द्या. गाडीतून उतरेल तेव्हा त्याचं नाव यादीत असेल.

आपली,
भट्टीच्या माडीवर राहणारी वहिनी
त्रिशूर